एकाच भांड्यातली कॉफी: एकाला जळजळ, दुसऱ्याला काहीच नाही

प्रश्न: "सकाळी उठल्यावर मी आणि माझा मोठा भाऊ एकाच भांड्यातली काळी कॉफी रिकाम्या पोटी पितो. त्याला काहीही होत नाही. मला अर्ध्या तासात पोटात आग पडते, मळमळतं, कधीकधी जळजळ छातीपर्यंत येते. काही खाल्लं की बरं वाटतं. आधी कितीतरी वर्षं असं होत नव्हतं. कॉफीत एवढं ॲसिड असतं का? आणि असेल तर दादाला का त्रास होत नाही?"

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्यातली दोन वाक्यं मी परत परत वाचली. 'काही खाल्लं की बरं वाटतं' आणि 'आधी असं होत नव्हतं'. कॉफीत काय असतं यापेक्षा या दोन वाक्यांत तुमचं उत्तर जास्त दडलेलं आहे. मी बावीस वर्षं पोटाच्या विकारांवर उपचार करतो आहे आणि कॉफीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच दोन प्रश्न विचारतो: खाल्ल्यावर कमी होतं की वाढतं, आणि हे कायमचं आहे की नवीन?

आधी कॉफीतल्या आम्लाचं बघू, कारण तो गैरसमज लवकर दूर होण्यासारखा आहे. काळ्या कॉफीचा पीएच साधारण ५ असतो. उपाशीपोटी जठरातल्या रसाचा पीएच १ ते २ च्या आसपास असतो. या मोजपट्टीवर एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट वाढते. म्हणजे तुमच्या जठरात आधीच असलेला रस त्या कॉफीपेक्षा हजारपट किंवा त्याहूनही जास्त आम्लधर्मी असतो. कपभर कॉफी त्यात पडल्यावर पहिल्या क्षणी तो रस पातळच होतो. त्यामुळे कॉफीतलं ॲसिड पोटात जाऊन जाळतं, हे खरं नाही.

कॉफी करते ते काम वेगळं आहे. ती जठराला आणखी आम्ल तयार करायला सांगते. हा निरोप पोहोचवण्यात कॅफिनचा वाटा आहे, आणि तो कसा पोहोचतो हे २०१७ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी फार सुंदर दाखवलं. जिभेवर कडू चव ओळखणारे जे संवेदक असतात, तसेच जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवरही असतात. जीभ टाळून कॅफिन थेट जठरात पोहोचवलं तेव्हा आम्ल वाढलं. तेच कॅफिन नुसतं तोंडात चाखून थुंकलं तेव्हा आम्लाची तयारी उलट लांबली. म्हणजे जठराला कडूपणा कळतो आणि ते त्याला आम्लाने उत्तर देतं. पण सगळा दोष कॅफिनचाही नाही. कॅफिन काढून टाकलेली कॉफीसुद्धा आम्ल वाढवते, आणि नुसत्या कॅफिनपेक्षा जास्त वाढवते, हे १९७५ पासून माहीत आहे. म्हणून 'डिकॅफ घ्या, त्रास जाईल' असं मी कुणाला छातीठोकपणे सांगत नाही.

आता रिकामं पोट. जेवणाबरोबर आम्ल तयार होतं तेव्हा त्याला करायला काम असतं. अन्नातली प्रथिनं ते शोषून घेतात, अन्नाचा लगदा त्याला पातळ करतो आणि जठर तो लगदा थोडा थोडा पुढे सोडतं. रिकाम्या पोटी काळी कॉफी प्यायलात तर ती पाण्यासारखीच दहा-वीस मिनिटांत निम्मी पुढे निघून जाते. आम्ल तयार करण्याचा निरोप मात्र मागे राहतो. पंचवीस-तीस मिनिटांनी जठरात ताजं आम्ल असतं आणि त्याला भिडायला अन्नाचा कण नसतो. ते जठराच्या अस्तरावर बसतं आणि तसंच कडक लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ग्रहणीत, उतरतं. तुमचा 'अर्धा तास' इथे बरोबर जुळतो. मळमळही जुळते, कारण ग्रहणी संवेदनशील असलेल्या माणसांना तिथे आम्ल उतरलं की आग होण्याऐवजी मळमळच जास्त जाणवते.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्या आणि दादाच्या पोटात जवळपास सारखीच घडते. त्याच्याही जठरात आम्ल वाढतं. फरक आहे तो ते आम्ल जिथे पडतं त्या जागेत. हे नीट समजलं तर बाकीचं सगळं सोपं होतं.

जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थराखाली पेशी सतत आम्लाचा जोर मोडणारं बायकार्बोनेट सोडत असतात. बाहेर पीएच २ असला तरी पेशीच्या पृष्ठभागावर तो ७ च्या जवळ राहतो. ही तटबंदी शाबूत असेल तर कपभर कॉफीने वाढलेल्या आम्लाची माणसाला जाणीवही होत नाही. ती दोन गोष्टींनी सर्वात जास्त खचते: एच. पायलोरी नावाच्या जिवाणूने आणि वेदनाशामक गोळ्यांनी, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या औषधांनी. तटबंदी खचलेली असताना कॉफी फक्त ती खचलेली जागा दाखवून देते. गळकं छप्पर पाऊस पडल्यावर कळावं, तसं.

दुसरा फरक मज्जातंतूंचा. काहींचं जठर दुर्बिणीतून अगदी निरोगी दिसतं, आम्लही प्रमाणात असतं, पण पोटाकडून मेंदूकडे जाणारे संदेश जरा मोठ्या आवाजात पोहोचतात. दुसऱ्याला जे जाणवतही नाही ते त्यांना आग म्हणून जाणवतं. याला आम्ही कार्यात्मक अपचन म्हणतो. अशा माणसांना 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणून घरी पाठवलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. दुखणं खरं असतं. तपासणीत फक्त जखम सापडत नाही, एवढंच.

तिसरा फरक अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा. ती सैल असेल तर आम्ल वर येतं आणि छातीत जळजळ होते. कॉफीमुळे ही झडप सैल होते असं सरसकट सांगितलं जातं, पण त्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. माझ्या कामात मला दुसरी गोष्ट अधिक उपयोगी पडते. झडपेचा त्रास असलेल्यांची जळजळ बहुतेक वेळा जेवणानंतर वाढते, वाकल्यावर वाढते, आडवं झाल्यावर वाढते. ज्याला फक्त उपाशीपोटी त्रास होतो आणि खाल्ल्यावर आराम पडतो, त्याच्याबाबतीत माझं पहिलं लक्ष जठराच्या आणि ग्रहणीच्या अस्तराकडे जातं. हा काही अटळ नियम नाही, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

दादाबद्दल एक सावधगिरीची सूचना. त्रास जाणवत नाही म्हणजे आत काहीच घडत नाही, असं धरून चालू नका. अन्ननलिकेत वर्षानुवर्षं आम्ल येऊन ज्यांचं अस्तर बदललं आहे, अशा काही लोकांची आम्लाची जाणीव उलट बोथट झालेली असते. आणि एच. पायलोरी बहुधा लहानपणी घरातच एकमेकांकडून लागतो, त्यामुळे भावंडांपैकी दोघांनाही तो असू शकतो. ज्यांना तो असतो त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तेव्हा 'त्याला होत नाही, मग मला का' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या मजबूत प्रकृतीत असेलच असं नाही.

मोठ्या पाहण्यांचे निष्कर्षही असेच एकमेकांशी न जुळणारे दिसतात. जपानमध्ये ८,०१३ निरोगी माणसांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास २०१३ साली आला. त्यात कॉफी पिण्याचा जठराच्या किंवा ग्रहणीच्या व्रणाशी, तसंच आम्ल वर येण्याशी संबंध आढळला नाही. पुढे २०२० साली अमेरिकेतल्या सुमारे ४८ हजार परिचारिकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. त्यात दिवसाला सहापेक्षा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये जळजळीचं प्रमाण अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त होतं. माझे रुग्ण यातला आपल्या सोयीचा अभ्यास घेऊन येतात. मला दोन्ही पटतात. पहिल्या अभ्यासाने एका वेळी काढलेलं चित्र दाखवलं, आणि अशा चित्रात एक गोष्ट झाकली जाते: ज्यांना कॉफी सोसत नाही ते ती आधीच सोडून बसलेले असतात, त्यामुळे पिणाऱ्यांच्या गटात सोसणारेच उरतात. शिवाय सरासरी कुणा एकाची नसते. हजार माणसांत नऊशेंना काही झालं नाही तर सरासरी शांत दिसते, आणि उरलेल्या शंभरांत तुम्ही असू शकता.

आता एक उदाहरण सांगतो. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. चाळिशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. पंधरा वर्षं त्या पहाटे उठून मोठा मग भरून, म्हणजे साधारण ३०० मिलीलीटर, काळी कॉफी उपाशीपोटी पीत होत्या आणि कधी तक्रार नव्हती. गेल्या चार महिन्यांपासून कॉफीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने पोटाच्या वरच्या खळगीत आग पडायची. खाल्लं की तासभर बरं वाटायचं. मी तेव्हा आजच्याइतके प्रश्न विचारत नसे. कॉफी बंद करा आणि आम्ल कमी करणारी गोळी घ्या, असं सांगून त्यांना पाठवलं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. कॉफीचा थेंब घेतला नव्हता आणि दुखणं वाढलं होतं. मग मी खुर्ची जवळ ओढून सगळं पहिल्यापासून विचारलं. कॉफी एकदम सोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं प्रचंड दुखायला लागलं होतं. हे अपेक्षितच असतं. रोजचं कॅफिन अचानक थांबलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकते. मी हे त्यांना सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे त्यांनी घरात असलेली आयब्युप्रोफेनची गोळी आठवडाभर रोज सकाळी घेतली. मी विचारलं, ही गोळी घरात कशासाठी होती? खांदा धरला होता म्हणून. कधीपासून? चार-पाच महिन्यांपासून, आठवड्यातून तीन-चार रात्री. आधी का नाही सांगितलंत? "डॉक्टर, मी जेवल्यावरच घेत होते, त्यामुळे त्याने काही होत नसेल असं वाटलं."

त्यांचं हे वाक्य मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं. वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेतली तर तिचा थेट टोचरेपणा थोडा कमी होतो, हे खरं. पण तिचा खरा परिणाम रक्तातून होतो. जठराचा श्लेष्मा आणि बायकार्बोनेट ज्या रसायनांच्या आज्ञेवर तयार होतं ती प्रोस्टाग्लँडिन्स ही गोळी सगळ्या शरीरात कमी करते. रात्री जेवून घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळी रिकाम्या जठरातही असतोच. त्यावर कॉफीने आम्ल वाढवलं की आग. पंधरा वर्षं सोसलेली कॉफी चार महिन्यांपूर्वी का सोसेनाशी झाली, याचा उलगडा तिथे झाला.

दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात बारीक खरवडल्यासारख्या जखमा दिसल्या आणि काढलेल्या तुकड्यात एच. पायलोरीही सापडला. दोन्ही कारणं एकत्र होती. खांद्यासाठी त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून गोळीऐवजी व्यायाम आणि पॅरासिटामॉल ठरलं. जिवाणूसाठी चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स दिला. कोर्स संपल्यानंतर चार आठवड्यांहून अधिक थांबून, आणि शेवटचे दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवून, श्वासाची तपासणी केली. ही गोळी चालू असताना तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. जिवाणू गेला होता. मग कॉफी आधी खाल्ल्यानंतर, निम्म्या मापाने सुरू केली. तीन महिन्यांनी त्या उपाशीपोटी १५० मिलीलीटर सहज पीत होत्या. पूर्ण मग भरला तर मात्र अजून थोडं जळजळायचं, आणि ते त्यांनी स्वीकारलं.

त्यानंतर मी कुणालाही कॉफी सोडायला सांगण्याआधी विचारतो: त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे तुमच्या आयुष्यात काय नवीन आलं? गुडघा, कंबर, दात किंवा पाळीच्या दुखण्यासाठी घेतलेली गोळी बऱ्याच जणांच्या हिशेबात औषध म्हणून येतच नाही. धूम्रपान, वाढलेलं मद्य, लोहाच्या गोळ्या यांचंही तसंच. तुम्ही 'आधी असं होत नव्हतं' लिहिलं आहे, म्हणून हा प्रश्न तुम्हालाही आहे. फक्त एक सांगतो: हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलं असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याशी बोला.

दुसरं मी विचारतो ते हात दाखवायला. 'ॲसिडिटी होते' किंवा 'पित्त होतं' या एका शब्दात माणसं चार वेगळी दुखणी सांगतात. मी म्हणतो, बोटाने दाखवा. कुणी खळगीपासून गळ्यापर्यंत हात वर नेतो. तिथे आम्ल वर येत असण्याची शक्यता जास्त. कुणी खळगीवर मूठ ठेवतो. तिथे जठर किंवा ग्रहणी. कुणी बेंबीभोवती गोल हात फिरवतो आणि गुडगुड, फुगारा सांगतो. तिथे आम्लाचा संबंध बहुधा नसतोच. कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल काही लोकांत काही मिनिटांतच वाढते, ते पिऊन होत नाही तोच शौचाला पळतात. आणि दुधाची कॉफी पिणाऱ्यांत दुग्धशर्करा न पचण्याचा त्रास असतो, तो एक-दोन तासांनी वायू आणि मुरड म्हणून येतो. अशांना आम्लाची गोळी देऊन काहीही हाती लागत नाही. तुम्ही काळी कॉफी पिता आणि त्रास वर आहे, त्यामुळे हा शेवटचा भाग तुमच्यासाठी सोडून देऊ.

तुम्ही घरी एक छोटी चाचणी करू शकता. चार प्रकार, प्रत्येक प्रकार तीन सकाळी, बाकी दिनक्रम तसाच. पहिल्या तीन सकाळी कॉफीइतकंच कोमट साधं पाणी उपाशीपोटी प्या आणि कॉफी नाश्त्यानंतर घ्या, म्हणजे डोकं दुखणार नाही. पुढच्या तीन सकाळी नेहमीची कॉफी उपाशीपोटी, पण निम्मी. मग तीन सकाळी पूर्ण कॉफी, पण दहा-पंधरा मिनिटं आधी थोडं खाऊन. एखादं अंडं किंवा पावाचे दोन तुकडे पुरे. शेवटच्या तीन सकाळी तेवढीच डिकॅफ उपाशीपोटी. दरवेळी दोनच गोष्टी लिहा: किती मिनिटांनी त्रास झाला आणि हात कुठे गेला.

पाण्यानेही भरल्यासारखं वाटून मळमळलं तर मुद्दा आम्लापेक्षा भरून ताणलं जाण्याला संवेदनशील असलेल्या जठराचा आहे. कॉफी निम्मी केल्यावर त्रास जवळपास गेला तर तुमचा प्रश्न मात्रेचा आहे, आणि तो सोडवायला कपच लहान हवा. आधी थोडं खाल्ल्यावर त्रास थांबला तर वर सांगितलेला अन्न नसण्याचा मुद्दा तुम्हाला लागू होतो. पण तरीही तो नव्याने सुरू झाला असेल तर कारण शोधायचं बाकी राहतं. खाल्ल्यावर उलट वाढला तर झडपेचा विचार करावा लागेल. डिकॅफने त्रास कमी झाला तर तुमच्यासाठी तो मार्ग आहे, नाही झाला तर त्यावर खर्च करू नका. जास्त भाजलेल्या बियांची कॉफी काहींना सौम्य वाटते आणि तसं होण्याला थोडा आधारही आहे, पण ते अभ्यास छोटे आहेत. वाटलं तर पाचवा प्रकार म्हणून करून पाहा.

ही चाचणी सगळ्यांसाठी नाही. अन्न गिळताना अडकत असेल, न प्रयत्न करता वजन उतरत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसत असेल, रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, किंवा वय साठीच्या पुढे असून हा त्रास आत्ताच सुरू झाला असेल, तर चाचणीत दिवस घालवू नका. थेट तपासणीला जा. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, ते डॉक्टरांना सांगा. आणि छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर आधी हृदयाची तपासणी. ते पित्त नसू शकतं.

तुम्ही आम्ल कमी करणारी गोळी घेत असाल तर तिच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण निम्म्याहून जास्त लोक ती चुकीच्या वेळी घेऊन 'उपयोग झाला नाही' म्हणत माझ्याकडे येतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातल्या गोळ्या चालू असलेल्या आम्लपंपांनाच बंद करतात, आणि ते पंप अन्नाने चालू होतात. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग खरोखर खायचं. गोळी घेतली, वर कॉफी प्यायली आणि जेवण थेट दुपारी, असं केलं तर ती गोळी बरीचशी वाया जाते. आणि कॉफी पिता यावी म्हणून रोज आधी गोळी, ही सवय महिनोन्‌महिने स्वतःहून चालवू नका. तिने जखम झाकली जाते आणि एच. पायलोरीची तपासणीही चुकते.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल असा: चाचणीच्या सकाळी सोडल्या तर उद्यापासून कॉफी नाश्त्यानंतर घ्या आणि माप निम्मं करा, बंद करू नका. गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी काढा, डोकेदुखीच्या एखाद-दुसऱ्या गोळीसह. त्यात वेदनाशामक सापडलं, किंवा कॉफी नसलेल्या दिवशीही उपाशीपोटी आग पडत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन एच. पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची तपासणी मागा, आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी चालू नसेल याची खात्री करा. बारा सकाळींची नोंद झाली की इथे टाका. मिनिटं आणि हाताची जागा एवढं लिहिलंत तरी पुढचं मी सांगू शकेन.